लाइक्स लिंक्डइनवर, गिऱ्हाईक रांजणगावात

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर एक काम तुमच्याकडेही येईल, किंवा एव्हाना आलंही असेल: ‘आमच्या फाउंडरचं लिंक्डइन सांभाळ.’ आठवड्याला तीन पोस्ट, महिन्याला दोन रील आणि एखादा पॉडकास्ट. फाउंडर वीस मिनिटं फोनवर बोलणार, त्यातून आपण त्याची ‘जर्नी’ लिहून काढायची. नोकरी सोडली, आईने दागिने दिले, पहिलं वर्ष तोट्यात गेलं, आता टीम अकरा जणांची झाली. पोस्ट चालते, लाइक्स पडतात. माझ्या बॅचमधले काही जण हे करतात आणि पॉकेटमनी बरा मिळतो.

प्रश्न एवढाच की ही पोस्ट वाचून सॉफ्टवेअर कोण विकत घेतं?

प्रॉडक्ट कॉलेजच्या पोरांसाठी असेल तर एक वेळ चालून जाईल. पण स्टार्टअप बिझनेस-टू-बिझनेस असेल, म्हणजे कंपनीने कंपनीला विकायचं सॉफ्टवेअर असेल, तर गिऱ्हाईक वेगळं असतं. पुणे जिल्ह्यातलंच बघा. शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव एमआयडीसी आहे. एलजी, व्हर्लपूल, फियाट ही मोठी नावं तिथली, आणि त्यांच्या मागे पार्ट बनवणारी लहान-मध्यम युनिटं. दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ आहे. तिथे केमिकल आणि औषधांचे कारखाने. चाळीस-पन्नास माणसांच्या अशा एखाद्या युनिटच्या मालकाला स्टोअर आणि जॉबवर्कचं सॉफ्टवेअर विकायचं असेल, तर तुमच्या फाउंडरने नोकरी कधी सोडली याच्याशी त्याला काहीही घेणंदेणं नसतं.

त्याची भीती निराळी आहे, आणि ती समजून घेतली तर फाउंडरने काय बोलावं हे आपोआप ठरतं. एक, तुम्ही उद्या गायब झालात तर माझा डेटा कुठे? दोन, माझा स्टोअरवाला हे वापरेल का, की महिनाभराने पुन्हा चलनबुकच उघडेल? तीन, जीएसटीत काही चुकलं तर नोटीस मला येणार, तुम्हाला नाही. गंमत म्हणजे या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मालक स्वतः शोधत बसत नाही. तो विचारतो. आधी सीएला, मग आपल्या अकाउंटंटला, मग शेजारच्या प्लॉटवाल्याला. टॅलीने या मंडळींत जी जागा मिळवली तिच्यामागेही हेच आहे. अकाउंटंटला ते येतं आणि सीएला त्याची फाइल चालते. तेव्हा फाउंडरचा व्हिडिओ मालकासाठी असला, तरी तो बघून होकार-नकार देणारा माणूस दुसराच असतो. लिंक्डइनच्या पोस्टमध्ये त्या माणसासाठी सहसा एक ओळही नसते.

हे नीट ओळखलेलं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी आणि तिचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर. खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब असं सगळं एकत्र सांभाळणारं. संस्थापक रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. तिथे ईआरपी बसवायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. त्यातून स्वतःच सॉफ्टवेअर लिहायचं ठरलं आणि 2008 मध्ये कंपनी सुरू झाली. मेहता यांनी पुढे अनेक वर्षं स्वतःच्या नावाने लिहिलं आहे. लहान कंपन्यांत ईआरपी का फसतं, ओपन सोर्सवर धंदा कसा चालतो, कंपनी आतून कशी चालते. फसलेला प्रयत्न हा त्यांच्या गोष्टीतला रडका प्रसंग नाही, तोच त्यांचा अनुभवाचा दाखला आहे. ज्या मालकाने एकदा ईआरपीवर पैसे घालवलेत, त्याला समोरच्यानेही ते घालवलेत हे कळणं आणि ‘आम्ही तिसऱ्या वर्षी नफ्यात आलो’ हे कळणं, यात फार फरक आहे.

पण त्यांचं सगळ्यात वजनदार ‘कंटेंट’ लेखात नाहीच. सॉफ्टवेअरचा पूर्ण कोड उघडा आहे. कोणीही तो उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवू शकतो. कंपनी कमावते ती होस्टिंग आणि सपोर्टमधून. ‘उद्या तुम्ही बंद पडलात तर?’ या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही: आम्ही बंद पडलो तरी सॉफ्टवेअर तुमच्याकडे राहील. आता रांजणगावचा मालक काही कोड वाचणार नाही. पण त्याच्या ओळखीतला एखादा इंजिनिअर वाचू शकतो, आणि इथेही तीच साखळी आहे, विश्वास विचारलेल्या माणसाकडून येतो. झिरोधासारखी कंपनी हे सॉफ्टवेअर स्वतः वापरते, आणि 2020 मध्ये तिच्याच रेनमॅटरने फ्रॅपेमध्ये गुंतवणूकही केली. वापरणाऱ्याने पैसे घालणं ही जाहिरात कुठल्याही पोस्टपेक्षा मोठी.

याची मर्यादाही लक्षात घ्या. कोड फुकट असला तरी ते बसवणं फुकट नसतं. साठ्याची सुरुवातीची मोजणी, पार्टचे कोड ठरवणं, स्टोअरच्या माणसाला शिकवणं, हे कोणीतरी करावंच लागतं, आणि ईआरपी फसतं ते बहुतेक वेळा इथेच. उघडा कोड पहिल्या भीतीचं उत्तर देतो. दुसऱ्या भीतीचं, म्हणजे ‘माझा स्टोअरवाला वापरेल का’ याचं, देत नाही.

त्या दुसऱ्या भीतीसाठी काय करता येईल ते एका कल्पित उदाहरणावर बघू. समजा शिरूरमधल्या तिघांनी मिळून जॉबवर्कचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर बनवलंय, आणि तुम्ही त्यांच्याकडे इंटर्न आहात. जॉबवर्क म्हणजे काय तर स्वतःचा माल दुसऱ्याकडे कामासाठी पाठवायचा आणि परत आणायचा. एका प्रेस शॉपने 500 ब्रॅकेट प्लेटिंगसाठी बाहेर पाठवले. सोबत डिलिव्हरी चलन गेलं. आठ दिवसांनी 300 परत आले. पुढच्या आठवड्यात 185 आले, पण तपासणीत त्यातले 10 रिजेक्ट झाले आणि पुन्हा प्लेटिंगला गेले. म्हणजे प्लेटिंगवाल्याकडे आता मूळचे 15 आणि परत गेलेले 10 असे 25 नग आहेत. चलनबुकात हे तीन वेगवेगळ्या पानांवर लिहिलेलं असतं, त्यातलं एखादं पेन्सिलने. सहा महिन्यांनी मालकाने विचारलं, ‘त्याच्याकडे आपले किती नग पडलेत?’ तर स्टोअरवाला अंदाज सांगतो.

आणि हा नुसता अंदाजाचा मामला नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाही आला, तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरलं जातं, आणि कर व्याजासकट मागे लागतो. शिवाय हा सगळा तपशील आयटीसी-04 या फॉर्ममध्ये भरायचा असतो. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. तो फॉर्म भरायची वेळ आली की अकाउंटंट चलनबुकं घेऊन बसतो. अशा अकाउंटंटला विचारा, सॉफ्टवेअर कशासाठी हवं ते.

आता फाउंडरचा व्हिडिओ. चार मिनिटांचा, मराठीत, मोबाइलवर घेतलेला. त्यात तो वर सांगितलेलेच 500 ब्रॅकेट घेतो. चलन बनवतो, 300 जमा करतो, 185 जमा करतो, 10 रिजेक्ट टाकतो आणि स्क्रीनवर 15 आणि 10 वेगवेगळे दिसतात. कुठल्या चलनाला किती दिवस उरलेत तेही दिसतं. परत गेलेल्या 10 नगांची मुदत कोणत्या तारखेपासून धरायची, इथे तो थांबतो आणि सांगतो, हे तुमच्या सीएला विचारा, ते सांगतील ती तारीख इथे टाकता येते. आणि शेवटी हेही सांगतो की एका जॉबवर्करकडून माल थेट दुसऱ्या जॉबवर्करकडे जात असेल, तर ते आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून नीट होत नाही.

शेवटचं वाक्य काढून टाका असं मार्केटिंगवाला नक्की म्हणेल. माझ्या मते व्हिडिओतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. ज्याचा माल तसा फिरतो तो मालक फोन करणारच नाही, म्हणजे त्याच्याकडच्या दोन चकरा वाचल्या. ज्याचा तसा फिरत नाही, त्याला बाकीच्या साडेतीन मिनिटांवरही विश्वास बसतो. आणि सीएला विचारा म्हटल्यामुळे सीए विरोधात जात नाही. आपल्या अशिलाला कायदा शिकवायला निघालेला सॉफ्टवेअरवाला कुठल्याच सीएला आवडत नाही.

व्हिडिओ पोरांना कंटाळवाणा वाटेल, व्ह्यूज दोनशेही येणार नाहीत. चालतंय. तो व्हॉट्सअॅपवर एका अकाउंटंटने दुसऱ्याला पाठवायचा आहे. म्हणून फाइल लहान हवी, पहिल्या दहा सेकंदांत ‘जॉबवर्कला गेलेले नग कसे मोजायचे’ हे कळायला हवं, आणि आवाज बंद ठेवूनही आकडे वाचता यायला हवेत, कारण शॉप फ्लोअरवर प्रेस चालू असताना काही ऐकू येत नाही.

एक चूक मात्र इथे हमखास होते. व्हिडिओ ‘खरा’ वाटावा म्हणून एखाद्या चालू ग्राहकाची स्क्रीन दाखवली जाते. त्यावर पार्ट नंबर असतो, कोणाला किती माल गेला ते असतं, कधी रेटही असतो. पार्टचं ड्रॉइंग आणि नंबर हे बहुधा वरच्या मोठ्या कंपनीचे असतात, आणि ते बाहेर दाखवायचे नाहीत असं व्हेंडरने लिहून दिलेलं असतं. एका व्हिडिओने तुम्ही तुमच्याच ग्राहकाला अडचणीत आणलंत, तर ती बातमी अख्ख्या एमआयडीसीत दुपारपर्यंत पोहोचते. नमुन्याचा डेटा बनवायला अर्धा दिवस लागतो, तो लावावा. ग्राहकाचं नाव किंवा लोगो वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्यावी, फोनवरची ‘हो हो टाका’ पुरत नाही.

कुरकुंभला गेलात तर हाच माल तसाच चालणार नाही. औषध आणि केमिकलच्या कारखान्यांना त्यांचे ग्राहक स्वतः येऊन तपासतात. तिथे विचारणारा माणूस अकाउंटंट नसतो, क्वालिटीवाला किंवा आयटीवाला असतो, आणि त्याचा प्रश्न असतो: बॅचच्या नोंदीत कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं का? ती नोंद पुसता येते का? बॅकअप परत लावून बघितलाय का, की नुसता घेतलाय? अशा ठिकाणी फाउंडरचा हसरा चेहरा उपयोगाचा नाही. सही-तारखेसह चार पानांचा कागद लागतो, ज्यात ही उत्तरं सरळ लिहिलेली आहेत. पण तो कागदही फाउंडरनेच लिहिलेला असावा, कारण उलटतपासणीला त्यालाच बसायचंय.

बॅकअपवरून आठवलं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात, एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या एकाहून अधिक सोयी होत्या, पण ऐन वेळी बहुतेक कामाला आल्या नाहीत. एका सोयीचा बॅकअप तर कितीतरी दिवस होतच नव्हता आणि कोणाला कळलंही नव्हतं. साधारण सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने काय केलं, तर दुरुस्तीच्या नोंदींचं डॉक्युमेंट सगळ्यांना उघडं केलं, काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि नंतर काय चुकलं याचा तपशीलवार अहवाल छापला, संस्थापक-सीईओच्या माफीसकट. चूक लाजिरवाणी होती, लोक चिडलेही. पण ‘काही तांत्रिक कारणामुळे सेवा खंडित’ या ओळीने जे झालं नसतं ते झालं, पुढच्या वेळी ही कंपनी लपवणार नाही हे ग्राहकाला कळलं. आपल्या शिरूरच्या तिघांना लाइव्हची गरज नाही. महिन्याला एक पान पुरे: या महिन्यात काय बंद पडलं, किती वेळ, कोणाला त्रास झाला, काय बदललं. ज्या महिन्यात काहीच बिघडलं नाही त्या महिन्यातही ते पान निघायला हवं, नाहीतर ते फक्त संकटात येतं आणि वाचणारा घाबरतो.

तिसरी भीती नोटिशीची. इथे फाउंडर मंडळी सर्रास एक गैरफायदा घेतात. सरकारचा नवा नियम आला की दुसऱ्या दिवशी पोस्ट: ‘तुमचं सॉफ्टवेअर तयार आहे का? नाहीतर दंड!’ 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिट ट्रेल’ असावा असा नियम आला. म्हणजे प्रत्येक नोंदीत कधी काय बदललं याचा माग राहावा आणि तो बंद करता येऊ नये. भरपूर सॉफ्टवेअर त्या भीतीवर विकलं गेलं. पण हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. युनिट प्रोप्रायटरशिप असेल किंवा साधी भागीदारी असेल तर तो लागूच होत नाही, आणि एमआयडीसीत अशी युनिटं पुष्कळ असतात. ‘तुमची फर्म भागीदारीची असेल तर या नियमासाठी आमचं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही’ असं लिहिणारा फाउंडर त्या दिवशी काही ऑर्डरी गमावतो. पण हा माणूस आपल्याला घाबरवून विकत नाही, हे सीए लक्षात ठेवतो. आणि एका सीएकडे किती युनिटांचं काम असतं याचा अंदाज तुम्हीच करा.

मग हे सगळं चालतंय की नाही, कळणार कसं? लाइक्स मोजून तर नाहीच. मी जे बघेन ते पहिल्या भेटीतले प्रश्न. सुरुवातीला प्रत्येक मालक विचारतो, ‘कंपनी किती वर्षं जुनी? ऑफिस कुठे? किती गिऱ्हाईकं?’ हे अनोळखी माणसाला विचारायचे प्रश्न आहेत. व्हिडिओ आणि कागद पोहोचू लागले की प्रश्न बदलतात: ‘रिजेक्शनचे नग वेगळ्या चलनाने पाठवले तर? टॅलीत एंट्री आपोआप जाते का? आमच्या दोन शेड आहेत, साठा वेगळा दिसेल?’ वहीत प्रत्येक भेटीचे पहिले तीन प्रश्न लिहून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी फरक दिसतो. दिसला नाही, तर मजकूर चुकीच्या माणसाकडे जातोय. दुसरी खूण, मालकाऐवजी अकाउंटंटचा फोन येणं. तिसरी, ‘आमचाच मागच्या महिन्याचा डेटा टाकून दाखवा’ ही मागणी. स्वतःचा डेटा हातात देणं ही सावध माणसाची पहिली खरी हालचाल.

आता आपल्या कामाचं, म्हणजे इंटर्नचं. फाउंडरच्या नावाने आपण ‘जर्नी’ लिहिली तर ती फारशी कोणाला लागत नाही. पण वरचा मजकूर फाउंडरला न विचारता आपल्याला लिहिताच येत नाही. आयटीसी-04 काय, रिजेक्शन कसं नोंदवतात, आपलं सॉफ्टवेअर कुठे अडतं, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. एआय टूल किंवा एजन्सी ‘जीएसटी कम्प्लायन्स सोपा करा’ एवढंच लिहून देते, आणि फोनवर पहिला प्रश्न आला की फाउंडरला आपल्याच पोस्टमधलं काही आठवत नाही. आपलं काम असं: त्याला एखाद्या स्टोअरवाल्याशेजारी दोन तास बसवायचं, स्टोअरवाला काय म्हणाला ते लिहून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत व्हिडिओ करायचा. स्टोअरवाला ‘बॅलन्स क्वांटिटी’ म्हणत नाही, ‘त्याच्याकडे पडलेला माल’ म्हणतो. स्क्रीनवरही तेच यायला हवं.

फाउंडरनेच सगळं करण्याची एक किंमत आहे. पहिली दहा-पंधरा गिऱ्हाईकं येतात ती त्याच्या चेहऱ्यावर, आणि प्रत्येकाकडे त्याचाच मोबाइल नंबर असतो. गिऱ्हाईकं चाळीस झाली की तो फोन उचलू शकत नाही. मग ज्या विश्वासावर सॉफ्टवेअर गेलं तोच उलटतो: ‘विकताना स्वतः आला, आता पोरं पाठवतो.’ म्हणून सपोर्टला बसणारी माणसं सुरुवातीपासूनच व्हिडिओत दिसायला हवीत. जॉबवर्कचा व्हिडिओ फाउंडर करेल, पण चलन चुकलं तर ते कसं रद्द करायचं हे फोन उचलणारी मुलगीच दाखवेल, स्वतःच्या नावाने. पुढे रांजणगावातून फोन आला की स्टोअरवाला तिलाच मागतो.